माईनक्राफ्ट सर्व्हर संध्याकाळी रखडतो, वर्ल्ड ४३ जीबी झालंय, मॅप कापायचा का?

ओसरीवाला

मंडळी, जरा मदत हवीये. आमचा १४ जणांचा सर्व्हायवल सर्व्हर आहे, २०२२ ला १.१९ वर सुरू केला आणि तेव्हापासून तेच वर्ल्ड चालू आहे, आता १.२१.४ वर पेपर सर्व्हर सॉफ्टवेअर आहे. होस्टिंगवर २ कोअर, ८ जीबी रॅम. बॉर्डर आम्ही कधीच लावली नव्हती, त्यामुळे पोरं चारी दिशांना उडत गेलीयेत आणि वर्ल्डचं फोल्डर आज ४३ जीबी भरतंय (ओव्हरवर्ल्ड ३१, एंड ८, नेदर ४).

प्रॉब्लेम असा की रात्री नऊ ते अकरा, आठ-नऊ जण आले की सर्व्हर रखडायला लागतो. दगड फोडला की परत येतो, गाडी रुळावर अडखळते, भट्टीतलं लोखंड वितळायला जास्त वेळ लागतो. टीपीएस १४-१५ दिसतो. होस्टिंगवाल्याला विचारलं तर म्हणे वर्ल्ड फार मोठं झालंय, एकतर वरचा प्लॅन घ्या नाहीतर मॅप डिलीट करून नवीन सुरू करा.

नवीन सुरू करणं शक्यच नाही. आम्ही तीन वर्षं बसून रायगड बांधलाय, महादरवाजा, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ सगळं, बाजारपेठेतलं प्रत्येक दुकान वेगवेगळ्या माणसाने केलंय. ते गेलं तर अर्धी लोकं परत येणारच नाहीत. म्हणून विचारतोय, मॅपचा वापरात नसलेला भाग कापला तर लॅग जाईल का? आणि कापताना रायगडाला धक्का लागणार नाही हे कसं बघायचं?

---

कोकणी_क्रीपर

सेम झालेलं आमच्याकडे. ४३ जीबी म्हणजे खूपच झालं, सर्व्हरला एवढं सगळं सांभाळावं लागतं ना, रॅम कमी पडत असणार. रॅम १६ कर आणि मॅप कापून टाक, माझं वर्ल्ड १८ चं ५ जीबी केलं तेव्हा एकदम स्मूथ झालं होतं. आणि दर दहा मिनिटांनी जमिनीवर पडलेलं सामान साफ करणारा प्लगिन टाक.

---

डब्लिनचा_सम्या

मला पण हाच त्रास आहे रे, दगड फोडला की परत येतो. मी आयर्लंडमधून मुंबईच्या सर्व्हरवर खेळतो, पिंग दोनशेच्या वर असतो. सर्व्हर युरोपात हलवला तर तुमचापण प्रश्न सुटेल असं वाटतं.

---

पन्नास_मिलिसेकंद

सम्या, तुझा त्रास वेगळा आहे, तो फक्त तुला होतो कारण तुझा निरोप इथवर यायला वेळ लागतो. ओसरीवाल्याकडे भट्टी हळू चालतेय असं त्याने लिहिलंय, ती खूण महत्त्वाची आहे. भट्टी सर्व्हरच्या घड्याळावर चालते, तुझ्या नेटवर नाही. भट्टी, रुळ, गाईंचं चालणं सगळ्यांसाठी एकदम मंदावलं की समजायचं सर्व्हरच मागे पडतोय. सर्व्हर हलवून तुझा पिंग सुधारेल, त्यांची भट्टी तशीच राहील.

आता ओसरीवाला, मॅपला लगेच हात लावू नकोस. वर्ल्ड डिस्कवर किती जीबी आहे याचा टीपीएसशी थेट संबंध नाही. सर्व्हर एका वेळी खेळाडूंच्या भोवतीचे चंक, म्हणजे मॅपचे चौकोनी तुकडे, तेवढे उघडतो, बाकीचे फाईलमध्ये झोपलेले असतात. कोणीच जात नाही अशा कोपऱ्यातले २० जीबी तुझ्या सीपीयूला दिसतसुद्धा नाहीत. ते त्रास देतात बॅकअपला आणि डिस्कच्या कोट्याला, तो त्रास खरा आहे, पण तुझा रात्री नऊचा त्रास तो नाही.

सर्व्हरला एक टिक, म्हणजे सगळ्या खेळाची एक फेरी, ५० मिलिसेकंदात संपवावी लागते, तर सेकंदाला २० होतात, तोच टीपीएस. तुझा टीपीएस १४-१५ म्हणजे एक टिक साधारण ६८ मिलिसेकंद खातेय. ते वरचे १८ कुठे जातायत ते आधी शोधू. पेपरच्या १.२१ मध्ये लॅग कुठून येतो ते मोजणारा स्पार्क आतच येतो, वेगळा टाकायला नको. रात्री गर्दी असताना हे चालव:

```
/spark tps
/spark profiler start --timeout 300
/paper entity list
```

पाच मिनिटांनी स्पार्क एक लिंक देईल. त्यातलं सर्व्हर थ्रेडचं झाड उघड आणि एंटिटीच्या टिकला किती टक्के जातायत ते सांग. दुसरं म्हणजे लॅग सतत असतो की मधूनच झटका येतो तेही नीट बघ. ते दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

रॅमबद्दल: `/spark gc` बघ. कचरा गोळा करण्यात फार वेळ जात नसेल तर १६ जीबी घेऊन पैसे वाया जातील.

---

कोकणी_क्रीपर

पण माझं कापल्यावर स्मूथ झालं होतं हे खरंय, मी उगाच सांगत नाहीये.

---

पन्नास_मिलिसेकंद

खोटं म्हणत नाहीये रे भाऊ. कापताना त्या चंकमधल्या एंटिटीपण गेल्या असणार. कुणाचा विसरलेला कोंबड्यांचा फार्म, गावकऱ्यांनी भरलेलं गाव, असं काही त्यात असेल आणि लोकं त्याच्या जवळपास खेळत असतील तर फरक पडलाच असणार. फक्त तो फरक जीबीमुळे नाही पडला.

---

ओसरीवाला

काल रात्री नऊ जण असताना चालवलं. मधला एमएसपीटी, म्हणजे एका टिकला लागणारे मिलिसेकंद, ६७ आला. स्पार्कमध्ये एंटिटीच्या टिकला जवळपास दोन तृतीयांश जातायत आणि त्यात व्हिलेजर एकटाच निम्म्याच्या वर आहे. जीसी मध्ये काही विशेष नाही. एंटिटीची यादी अशी आली (वरचे पाचच देतो):

```
item_frame: 1180
item: 870
chicken: 640
villager: 318
armor_stand: 210
```

झटक्यांचं विचारलंस ना, तेही आहेत. कोणी इलायट्रा लावून नवीन दिशेला उडालं की सगळ्यांनाच दोन-तीन सेकंद अडकल्यासारखं होतं. पण ते रोज नसतं, सतत रखडणं रोज असतं.

---

पन्नास_मिलिसेकंद

बघ, दोन्ही आजार आहेत. आधी रोजचा घेऊ.

यादीत आकडा मोठा म्हणून तोच गुन्हेगार असं नसतं. ११८० फ्रेम भिंतीला लटकलेल्या असतात, त्या फार काही करत नाहीत. ३१८ गावकरी मात्र सतत डोकं चालवत असतात, पलंग कुठाय, कामाचं टेबल कुठाय, तिथे जायला वाट आहे का, वाट नाही तर परत शोध. खोक्यात बंद केलेल्या गावकऱ्याला वाट कधीच सापडत नाही तरी तो शोधायचं सोडत नाही. म्हणून एक गावकरी वीस कोंबड्यांपेक्षा महाग पडू शकतो.

कुठे जमलेत ते असं बघ:

```
/paper entity list minecraft:villager world
```

एकाच प्रकाराचं नाव दिलं की तो चंकप्रमाणे आकडे देतो. मिळालेल्या आकड्यांना १६ ने गुणलं की ब्लॉकचे कोऑर्डिनेट मिळतात.

---

ओसरीवाला

सगळ्यात वर आला चंक 143, -112 आणि तिथे ८४ गावकरी. गुणून बघितलं, २२८८, -१७९२. ही आमची रायगडाची बाजारपेठ आहे :(

झालंय असं की बाजारपेठ बांधून झाली तेव्हा रिकामी रिकामी वाटत होती, म्हणून प्रत्येक दुकानात दोन-दोन गावकरी आणून ठेवले. खाली तळघरात त्यांची पैदास करायची खोली केली होती, पलंग आणि गाजरं लावून. काम झालं आणि ती खोली बंद करायचं राहूनच गेलं. काल जाऊन बघितलं तर दरवाज्याच्या आत खांद्याला खांदा लावून उभे आहेत सगळे. दोन वर्षं कुणी तिकडे उतरलंच नव्हतं. गडावर तर रोज संध्याकाळी सगळेच जमतात, त्यामुळे तो चंक कायम जागा.

दुसऱ्या नंबरवर ट्रेडिंग हॉल आहे, ६१. आणि ते ८७० आयटम उसाच्या फार्ममधून सांडलेले आहेत, पेटी भरली आणि हॉपर थांबले.

---

विदर्भ_एक्सप्रेस

तू spigot.yml मध्ये हे कर, मी केलंय, एका मिनिटात फरक पडतो.

```
entity-activation-range:
  villagers: 16
  tick-inactive-villagers: false
```

---

मीनल_ठाणे

विदर्भ_एक्सप्रेस, हे करताना सांगायला हवं की याने लोखंडाचे फार्म बंद पडतात. आमच्याकडे एका रात्रीत तीन फार्म थांबले आणि कुणाला कळेना की गोलेम येईनात का. ते फार्म अशाच जागी बांधलेले असतात जिथे माणूस जवळ उभा नसतो, आणि हे बदललं की दूरचा गावकरी जवळपास गोठतो, घाबरत नाही, झोपत नाही, मग गोलेम कुठून येणार.

---

विदर्भ_एक्सप्रेस

बरोबर आहे ताई, आमच्याकडे लोखंडाचा फार्म नव्हता म्हणून लक्षात आलं नाही.

---

पन्नास_मिलिसेकंद

मीनलचं म्हणणं महत्त्वाचं आहे. सेटिंगने गावकरी गोठवण्याआधी जास्तीचे गावकरी कमी करा, ते सरळ आहे. तळघरातले पलंग काढून टाका म्हणजे पैदास थांबेल. बाजारपेठेत दुकानाला एक गावकरी पुरतो, बाकीच्या दुकानात आर्मर स्टँडला कपडे घालून उभे करा. तेही एंटिटीच आहेत पण त्यांना डोकं नसतं, आणि पेपरच्या `paper-world-defaults.yml` मध्ये `armor-stands` खाली `tick: false` केलं की ते जवळजवळ फुकट होतात. तोटा एवढाच की खालचा ब्लॉक काढला तरी स्टँड हवेत तसाच उभा राहतो.

उसाच्या फार्मला पेटीच्या शेवटी लाव्हाचा किंवा कॅक्टसचा ओव्हरफ्लो द्या. सामान साफ करणारा प्लगिन नको. जमिनीवरचं सामान तसंही पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि प्लगिन मध्येच झाडू मारतो तेव्हा नुकताच मेलेला माणूस धावत आपल्या हिऱ्यांच्या चिलखताकडे येत असतो.

मग सर्व्हरचं अंतर कमी कर. `server.properties` मध्ये `simulation-distance` मूळचं १० असतं, ते ६ कर. १० ला प्रत्येक माणसाभोवती ४४१ चंक चालू असतात, ६ ला १६९. `view-distance` ८ ठेव, म्हणजे गड लांबून दिसेल तरी. आणि ६ केल्यावर माणसापासून ९६ ब्लॉकच्या पलीकडे काही चालणार नाही हे सगळ्यांना आधी सांग, नाहीतर ज्यांचे फार्म लांब आहेत ते भांडायला येतील.

---

ओसरीवाला

शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावून केलं. तळघर रिकामं केलं, ज्यांना हवे त्यांनी बोटीतून नेले, उरलेल्यांचं काय केलं ते इथे लिहीत नाही. गावकरी ३१८ चे ११२ झाले. आर्मर स्टँडच्या जागी फडणीस, सराफ, कापडवाला असे कपडे घालून उभे केले, खरं सांगायचं तर आता बाजारपेठ आधीपेक्षा छान दिसतेय. उसाचा फार्म नीट केला, simulation ६ केलं.

रात्री दहा जण होते. मधला एमएसपीटी ३७! टीपीएस २०. भट्टी बरोबर चालतेय. मॅपमधलं एक चंकपण कापलं नाही अजून.

पण रविवारी एकजण एंडर पर्ल आणि इलायट्रा घेऊन पश्चिमेला गेला आणि पुन्हा झटके. हे मॅपमुळेच ना मग?

---

पन्नास_मिलिसेकंद

हे नवीन चंक बनवण्यामुळे आहे. पेपर ते काम मुख्य थ्रेडवर करत नाही, बाजूच्या थ्रेडवर करतो, पण तुझ्याकडे कोअरच दोन आहेत, बाजूचा थ्रेड मुख्य थ्रेडच्याच ताटातलं खातो. खात्री करायची असेल तर असं चालव आणि कुणालातरी नवीन दिशेला उडायला सांग:

```
/spark profiler start --only-ticks-over 100
```

म्हणजे १०० मिलिसेकंदाच्या वरच्या टिकाच तेवढ्या मोजल्या जातील, शांत वेळ मधे येऊन चित्र पुसट होणार नाही. थांबवताना `/spark profiler stop`.

आता लक्ष दे, कारण इथेच लोकं चुकतात. मॅप कापणं आणि मॅप आधीच बनवून ठेवणं ही दोन कामं एकमेकांच्या उलट आहेत. कापलेला भाग म्हणजे पुन्हा नव्याने बनवावा लागणारा भाग. तू गडाच्या आजूबाजूचा 'न वापरलेला' प्रदेश कापलास आणि सोडून दिलास, तर उद्या कुणी त्यावरून उडालं की तोच झटका, जो आधी येत नव्हता कारण ते चंक तयार होते. कोकणी_क्रीपरसारखं सगळं कापून तसंच ठेवलं तर झटके वाढतात.

म्हणून क्रम असा. आधी ठरवायचं की जग किती मोठं हवंय. मग त्या रेषेच्या बाहेरचं कापायचं, आतलं अजिबात नाही. मग आत न बनलेले चंक बनवून घ्यायचे. मग बॉर्डर.

---

ओसरीवाला

५००० ची बॉर्डर लावावी असं डोक्यात होतं, पण एकाचा बेस -७४०० ला आहे, तो पहिल्या दिवसापासूनचा माणूस आहे.

---

पन्नास_मिलिसेकंद

मग ८००० धर, माणसाला हलवू नकोस. एक गफलत बहुतेक जण करतात: बॉर्डरच्या कमांडला पूर्ण रुंदी द्यायची असते, आणि चंक आधीच बनवून ठेवणाऱ्या चंकी प्लगिनला त्रिज्या. म्हणजे बॉर्डर १६००० आणि चंकी ८०००. उलट केलं की एकतर पाव जग उरतं नाहीतर चौपट बनतं.

आणि चंकीला नेमकं ८००० नको देऊस, ८२०० दे. बॉर्डरला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला पलीकडचंही दिसतं, ते चंक सर्व्हर बनवतोच, बॉर्डर त्याला अडवत नाही. view-distance ८ म्हणजे १२८ ब्लॉक, थोडं वर धरून २००.

```
/worldborder set 16000
/chunky world world
/chunky center 0 0
/chunky radius 8200
/chunky start
```

हे साधारण साडेदहा लाख चंक होतात. सेकंदाला ५० बनले तर सहा तास लागतील, तुझे बरेच आधीच आहेत त्यामुळे कमी. `/chunky pause` आणि `/chunky continue` चालतं. रात्री कुणी नसताना लाव, लोकं खेळत असताना लावलंस तर जो लॅग टाळायचाय तोच स्वतःच्या हाताने आणशील.

दोन कोअरवर अगदीच रखडलं तर वर्ल्ड उतरवून घरच्या पीसीवर तीच पेपरची आवृत्ती, तेच डेटापॅक लावून चंकी चालव आणि परत चढव. तेवढा वेळ सर्व्हर बंद ठेवावा लागेल, नाहीतर मधल्या वेळात लोकांनी बांधलेलं जाईल.

---

मीनल_ठाणे

कापायच्या आधी माझं ऐक, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

आम्ही गेल्या वर्षी एमसीए सिलेक्टरने कापलं. त्यात प्रत्येक चंकचा InhabitedTime असतो, म्हणजे त्या भागात माणसांचा किती वेळ गेला. आम्ही फिल्टर लावला की दहा मिनिटांपेक्षा कमी असलेले सगळे चंक उडव. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं, जिथे कुणी दहा मिनिटंपण थांबलं नाही तिथे काय असणार.

तिथे आमचा रेल्वेमार्ग होता. माझ्या बेसपासून भावाच्या बेसपर्यंत १४०० ब्लॉक, त्याने कोरून, दिवे लावून, मधे दोन स्टेशनं करून मला वाढदिवसाला दिलेला. गाडीतून आपण सुसाट जातो, एका चंकात दोन-तीन सेकंदांच्या वर थांबत नाही. दोन्ही टोकं शाबूत राहिली आणि मधला सगळा मार्ग डोंगर झाला. मी गाडीत बसले आणि बोगद्याच्या तोंडाशी सरळ दगडावर आदळले.

बॅकअप होता म्हणून वाचलो. त्यातून तेवढेच चंक निवडून एक्स्पोर्ट केले आणि चालू वर्ल्डमध्ये इम्पोर्ट केले, एक रविवार गेला. नेदरमधल्या बर्फाच्या रस्त्यांचंही हेच होतं, बोटीतून अजून वेगात जातो आपण. म्हणून वेळेवर भरवसा ठेवू नकोस, सगळ्यांना बसवून नकाशावर बोट ठेवून विचार कोणाचं काय कुठे आहे.

---

पन्नास_मिलिसेकंद

मीनल, हे लिहिलंस फार बरं केलंस.

ओसरीवाला, तुझ्याकडे आतलं कापायचं नाहीच, त्यामुळे हा धोका बॉर्डरच्या बाहेरच उरतो. तिथे InhabitedTime चा ओव्हरले लावून बघ, रंगाने दिसतं कुठे माणसं रमली होती. ते ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा डोळ्याने तपास, मग कापायचं.

सर्व्हर बंद करूनच. पूर्ण कॉपी दुसरीकडे, आणि ती कॉपी एकदा उघडून, गडावर चालून बघितल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नकोस. आणि हाताने `region` मधल्या `.mca` फाईली उडवू नका. १.१७ पासून प्राणी-गावकरी `entities` नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात आणि `poi` अजून वेगळं. नुसतं region उडवलं तर जमीन नवी बनते आणि जुन्या गाई नव्या डोंगराच्या पोटात उभ्या असतात. सिलेक्टरला तिन्ही फोल्डर दाखवले की तो तिन्हीतून काढतो.

---

विदर्भ_एक्सप्रेस

आतलं न कापण्याबद्दल मी सहमत नाही पण. १.१९ ला बनलेल्या चंकमध्ये ट्रायल चेंबर येणारच नाहीत, ते १.२१ चे आहेत. बॉर्डर लावून सगळं बनवून ठेवलं तर लोकांना नवीन गोष्टी मिळणार कुठे? आम्ही आतलेही रिकामे भाग कापले आणि पुन्हा बनवले, १.१८ नंतर डोंगर तेच येतात सीड तोच असेल तर, कडा जुळतात. एकाच ठिकाणी चेरीचं जंगल सरळ रेषेत कापल्यासारखं दिसतं एवढंच.

---

पन्नास_मिलिसेकंद

मुद्दा आहे. पण ओसरीवाल्याचे बरेच चंक बॉर्डरच्या आतही अजून बनलेलेच नसतील, ते १.२१.४ मध्ये बनतील तेव्हा चेंबर त्यातच येतील. आतलं कापायचंच असेल तर एक कोपरा निवडा जिथे कुणीच नाही याची सगळ्यांनी खात्री दिलीये, आणि तेवढाच.

---

ओसरीवाला

झालं मंडळी, सविस्तर लिहितो.

गुरुवारी सगळ्यांना व्हॉईसवर घेऊन नकाशा उघडला. बॉर्डरबाहेर ११ ठिपके निघाले. त्यातले आठ नुसते लुटलेले किल्ले आणि वाळवंटातली देवळं होती. एक जुना बेस होता, त्याचा मालक आता खेळत नाही, फोन केला तर म्हणाला जाऊ दे तो बेस, पण पेटीतलं एक पुस्तक काढून ठेव, ते काढलं. उरलेल्या दोन ठिकाणचं सामान आत आणलं. आणि मीनलताई, एक रेषापण होती खरंच! नेदरमध्ये -७४०० च्या बेसला जाणारा बर्फाचा रस्ता. ओव्हरलेवर जवळजवळ अदृश्य. InhabitedTime बघून कापलं असतं तर गेलाच होता. म्हणून नेदरला हातच लावला नाही.

ओव्हरवर्ल्ड ३१ जीबीचं कापून ५ झालं, चंकी चालवल्यावर ७. चंकीला आमच्या दोन कोअरवर सेकंदाला ३५-४० चंकच मिळाले, दोन रात्री लागल्या. एंडमध्ये मधलं बेट आणि आमचा एंडरमनचा फार्म ठेवला, बाकी सगळं काढलं, ८ चं अर्धा जीबी. आता बाहेरच्या बेटांवर पुन्हा जहाजं आणि इलायट्रा मिळणार म्हणून पोरं खूष आहेत. बॅकअपला आधी ५० मिनिटं लागायची, आता १२.

काल मुद्दाम तिघांना तीन दिशांना उडायला लावलं. झटका नाही. एमएसपीटी ४१ च्या वर गेला नाही.

एकच राहिलंय. नेदरमधून कुणी पोर्टलने बाहेर आलं की अर्धा सेकंद सगळे थांबतात. हे तर आतलेच, बनलेले चंक आहेत, मग का?

---

पन्नास_मिलिसेकंद

पोर्टलमधून ओव्हरवर्ल्डला येताना सर्व्हर आजूबाजूला १२८ ब्लॉकपर्यंत दुसरं पोर्टल शोधतो, आणि तेवढ्या भागाची माहिती तिथल्या तिथे फाईलमधून वाचतो. डिस्क हळू असेल तर जाणवतं. पेपरमध्ये `portal-search-radius` कमी करता येतं, मी ६४ ठेवतो.

---

मीनल_ठाणे

६४ केल्यावर आमची जुनी पोर्टलं चुकीच्या ठिकाणी जोडली गेली, दोन नवीन पोर्टलं आपोआप उभी राहिली. मी १२८ च ठेवलंय आणि अर्धा सेकंद सोसते.

---

पन्नास_मिलिसेकंद

आमची पोर्टलं सगळी नेमकी आठाने भागून बांधलेली आहेत, म्हणून आम्हाला त्रास झाला नसेल. तुमच्याकडे किती जुनी, अंदाजाने बांधलेली आहेत त्यावर आहे.

---

ओसरीवाला

आमच्याकडे सगळीच अंदाजाने आहेत. रविवारी मोजून यादी करतो आणि इथे टाकतो, मग ठरवू.